पत्ता विद्यापीठाचा, वाचन कोल्हापुरात

एखाद्या संशोधनपत्रिकेतला लेख हवा म्हणून तिचं संकेतस्थळ उघडावं, सारांश वाचून उत्सुकता वाढावी आणि त्याखाली पूर्ण लेखासाठी डॉलरमध्ये किंमत दिसावी, हे पीएच.डी. करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतं. तोच लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून उघडला की पैशाची विचारणा न होता सगळाच्या सगळा समोर येतो. लॅपटॉप तोच, माणूस तोच. ग्रंथालयात त्याने प्रकाशकाला आपलं नाव सांगितलेलं नसतं, कुठला पासवर्डही टाकलेला नसतो. मग हा विद्यापीठाचा माणूस आहे, हे प्रकाशकाला कळतं कसं?

खरं तर कळत नाही. प्रकाशक माणसाला ओळखतच नाही, तो फक्त मागणी कुठून आली ते बघतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. विद्यापीठाचं ग्रंथालय पत्रिकेची वर्गणी भरतं तेव्हा करारासोबत आपल्या आवारातल्या आयपी पत्त्यांची यादी प्रकाशकाला देतं. त्यानंतर त्या यादीतल्या पत्त्यावरून जो कोणी येईल त्याला लेख उघडून मिळतो. घरी आपण जिओ, एअरटेल किंवा बीएसएनएलच्या जोडणीवर असतो. तो पत्ता कुणाच्याच यादीत नसतो, म्हणून घरी तोच लेख बंद.

विद्यापीठाचा व्हीपीएन नेमकं एवढंच करतो, तो आपला पत्ता बदलून देतो. समजा, तुम्ही कोल्हापुरात राहता आणि एक संस्था फक्त पुण्याहून आलेल्या पत्रांना उत्तर देते. तुम्ही पत्र लिहून पाकिटात घालता, ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून पुण्याच्या मामांकडे पाठवता. मामा वरचं पाकीट फोडतात, आतलं पत्र स्वतःच्या पत्त्याने टाकतात, आलेलं उत्तर पुन्हा मोठ्या पाकिटात घालून तुमच्याकडे रवाना करतात. वाटेतल्या पोस्टमनला मोठ्या पाकिटाच्या आत काय आहे ते दिसत नाही. व्हीपीएनमध्ये मामांच्या जागी विद्यापीठाचा सर्व्हर असतो आणि मोठं पाकीट म्हणजे कूटबद्ध जोडणी. प्रकाशकाला दिसतो तो विद्यापीठाचा पत्ता.

जाहिरातीत दिसणारा विकतचा व्हीपीएन घेऊन पत्रिका वाचता येतील, अशी काही जणांची समजूत असते. त्याने पत्ता बदलतो, पण तो कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरचा होतो, विद्यापीठाचा नाही. त्यामुळे या कामाला तो निरुपयोगी आहे. उलट तो चालू राहिला तर विद्यापीठाच्या व्हीपीएनच्या आड येतो.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं आणि कुठे अडतं, ते माझ्या भाचीच्या निमित्ताने अगदी जवळून बघायला मिळालं. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सहकारी साखर कारखान्यांवर पीएच.डी. करते. क्षेत्रकामासाठी कोल्हापूरला आली होती. दिवसा कागल, शिरोळकडे मुलाखती आणि रात्री आमच्या घरी वाचन. पहिल्या रात्री तिला बी. एस. बाविस्कर यांचा साखर कारखान्यांच्या राजकारणावरचा एक जुना लेख हवा होता. तो ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेला. हे साप्ताहिक मुंबईतून निघतं आणि त्याचे १९६६पासूनचे जुने अंक जेस्टोर या अमेरिकी डिजिटल संग्रहात आहेत. मुंबईत छापलेला लेख कोल्हापुरात वाचायला अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पत्ता लागतो, हे मला तरी आधी चमत्कारिक वाटलं. पण वर्गणी ज्याने भरली, त्याचाच पत्ता चालणार.

तिने विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या पानावरून सिस्को सिक्युअर क्लायंट नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. (काही ठिकाणी त्याऐवजी ग्लोबलप्रोटेक्ट, फोर्टिक्लायंट किंवा एज्युव्हीपीएन असतं, काम एकच.) ते उघडल्यावर एक चौकट येते. तीत विद्यापीठाच्या व्हीपीएन सर्व्हरचं नाव टाकायचं, मग विद्यापीठाचाच लॉगिन आयडी आणि पासवर्ड, आणि त्यानंतर दुसरी खातरजमा. इथे पहिला अडथळा येऊ शकला असता. तिचं अमेरिकेतलं सिमकार्ड इथे बंद होतं, त्यामुळे एसएमएसने कोड येणं शक्य नव्हतं. सुदैवाने तिने निघण्यापूर्वी फोनवर ड्युओचं ॲप लावून घेतलं होतं. ते फोनला रेंज नसली तरी सहा आकडी कोड स्वतः तयार करतं. परदेशी शिकणारी मुलं सुट्टीत घरी येतात तेव्हा बरेचदा याच पायरीवर अडकतात, आणि मग ते सोडवायला विद्यापीठाच्या मदत कक्षाला तिथल्या कामाच्या वेळेत, म्हणजे आपल्या मध्यरात्री, फोन करावा लागतो. म्हणून ही एक गोष्ट विमानात बसण्याआधी करून ठेवायची.

कोड टाकला, पडद्यावर `Connected` अशी अक्षरं आली. तिने जेस्टोर उघडलं आणि लेख बंदच.

“मामा, व्हीपीएन तर लागलाय. मग हे मला ओळखत का नाही?”

बहुतेकांची गाडी इथे थांबते. ‘व्हीपीएन चालत नाही’ असं म्हणून ते तो नाद सोडून देतात. पण व्हीपीएन व्यवस्थित चालू होता. प्रश्न होता तो कुठली वाहतूक नेतो याचा. विद्यापीठं व्हीपीएन दोन तऱ्हांनी चालवतात. पहिल्या तऱ्हेत फक्त विद्यापीठाच्या स्वतःच्या संगणकांकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून जाते. निकालाची यंत्रणा, विभागाचा सर्व्हर, अंतर्गत फाइली वगैरे. बाकी सगळं, म्हणजे यूट्यूब, बातम्या, बँक, नेहमीसारखं घरच्या जोडणीवरूनच जातं. याला स्प्लिट टनेल म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत संगणकातून बाहेर पडणारी झाडून सगळी वाहतूक विद्यापीठातून फिरून जाते. तो फुल टनेल.

आता गोम लक्षात येईल. जेस्टोर काही विद्यापीठाचा संगणक नाही, ती बाहेरची जागा. स्प्लिट टनेलच्या हिशेबात तिची मागणी घरच्या वाटेनेच जाणार, आणि तिथे दिसणार कोल्हापूरचा पत्ता. `Connected` हा शब्द फक्त बोगदा खुला आहे असं सांगतो. तुमची मागणी त्या बोगद्यात शिरली की नाही, ते तो सांगत नाही.

विद्यापीठं स्प्लिट टनेल पसंत करतात त्याला कारण आहे. हजारो विद्यार्थ्यांचे घरचे चित्रपट आपल्या सर्व्हरवरून वाहून नेण्याची त्यांना इच्छा नसते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्यामुळे बरेचदा तीच निवड आधीपासून केलेली असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्हीपीएनमध्ये दोन्ही पर्याय दिलेले आहेत, एकाचं नाव `Default Stanford split-tunnel` आणि दुसऱ्याचं `Full Traffic non-split-tunnel`. पहिल्याच्या नावातच डिफॉल्ट आहे, म्हणजे काही न बदलता पुढे गेलात तर तोच मिळणार. लेख वाचायला बहुधा दुसरा लागतो. इतर विद्यापीठांत हीच निवड लॉगिनच्या चौकटीत `Group` या शब्दापुढच्या छोट्या यादीत लपलेली असते, आणि तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

यात आणखी एक गुंता होऊ शकतो. काही विद्यापीठं स्प्लिट टनेलमध्येच मोठ्या प्रकाशकांचे पत्ते घालून ठेवतात, म्हणजे त्यांच्याकडची वाहतूकही बोगद्यातून जावी. कल्पना चांगली आहे, पण प्रकाशकांची संकेतस्थळं आता भाड्याच्या क्लाउड यंत्रणांवर असतात आणि त्यांचे पत्ते बदलत राहतात. यादी मागे पडते. मग एका प्रकाशकाचे लेख उघडतात, दुसऱ्याचे नाहीत, आणि काल उघडणारे आज उघडत नाहीत. असं लहरी वागणं दिसलं की आधी संशय स्प्लिट टनेलवरच घ्यावा.

भाचीने जोडणी तोडली, यादीतून फुल टनेल निवडला, पुन्हा लॉगिन केलं. जेस्टोरच्या पानावर तिच्या विद्यापीठाचं नाव आलं आणि बाविस्करांचा लेख उघडला.

त्या नावाकडे नीट बघायला शिकलं पाहिजे, कारण निदान तिथूनच होतं. प्रकाशकाने तुमचा पत्ता ओळखला की पानावर, बहुधा वरच्या पट्टीत, संस्थेचं नाव झळकतं. जेस्टोरवर `Access provided by` या शब्दांपुढे, सायन्सडायरेक्टवर `Brought to you by` या शब्दांपुढे. नाव दिसत नसेल तर तुमची मागणी चुकीच्या वाटेने गेली, व्हीपीएनमध्ये बघा. नाव दिसतंय पण लेख बंद, तर वाट बरोबर आहे, विद्यापीठाने त्या लेखाचे पैसे भरलेले नाहीत. या दोन अडचणींची औषधं पूर्ण वेगळी आहेत, आणि पहिल्या अडचणीचं औषध दुसरीला देत बसण्यात लोकांच्या रात्री जातात.

दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या एका प्रकाशकाचा लेख हवा होता. फुल टनेल चालू, जेस्टोर उघडतंय, पण या प्रकाशकाच्या पानावर विद्यापीठाचं नावच नाही. आधी वाटलं, ब्राउझरला जुनं काही आठवत असेल. ते होतं कधीकधी. व्हीपीएन लावण्यापूर्वी ते पान उघडलेलं असेल तर ‘हा बाहेरचा माणूस’ अशी नोंद कुकीत राहून जाते. त्यासाठी खासगी खिडकी उघडून तोच दुवा पुन्हा टाकून बघायचा. टाकला, तरी नाव आलं नाही. मग आपला पत्ता बाहेर कसा दिसतो, तेच तपासायचं ठरवलं. संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी एकेक करून टाकायच्या:

```
curl -4 ifconfig.me
curl -6 ifconfig.me
```

इंटरनेटवर सध्या पत्त्यांच्या दोन पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत. जुनी आवृत्ती ४, जिच्यात चार आकडे ठिपक्यांनी जोडलेले असतात, आणि नवी आवृत्ती ६, जिचे पत्ते लांबलचक असून त्यात अक्षरं आणि विसर्गासारखी चिन्हं असतात. पहिली ओळ जुन्या पद्धतीचा पत्ता विचारते, दुसरी नव्या. व्हीपीएन लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा विचारून तुलना करायची. भाचीच्या बाबतीत पहिल्या ओळीचं उत्तर व्हीपीएननंतर बदललं, ते विद्यापीठाचं होतं. दुसऱ्या ओळीचं उत्तर मात्र आधी होतं तेच राहिलं, `2409` ने सुरू होणारा पत्ता. तो जिओचा.

म्हणजे विद्यापीठाचा बोगदा फक्त जुन्या पद्धतीची वाहतूक नेत होता. ज्या संकेतस्थळाला दोन्ही पद्धतींचे पत्ते आहेत, तिथे जाताना ब्राउझर नव्या पद्धतीला प्राधान्य देतो, आणि ती वाट बोगद्याच्या बाहेरून जात होती. जेस्टोर उघडत होतं आणि हा प्रकाशक नाही, त्याचा उलगडा असा झाला. अमेरिकेत तिच्या भाड्याच्या घरी हा त्रास कधी झाला नव्हता, कारण तिथली जोडणी जुन्याच पद्धतीवर होती. आपल्याकडे जिओने सुरुवातीपासून नवी पद्धत सर्रास वापरली, त्यामुळे भारतातल्या घरातून व्हीपीएन लावणाऱ्याने दुसरी ओळ तपासलीच पाहिजे, असं माझं मत झालं आहे.

तात्पुरता उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये नेटवर्क ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन `Internet Protocol Version 6 (TCP/IPv6)` या ओळीपुढची खूण काढायची, वाचन झालं की परत लावायची. कायमचा उपाय विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या हातात असतो. त्यांना दोन्ही ओळींची उत्तरं पाठवली तर अडचण कुठे आहे, ते त्यांना लगेच कळतं.

तिसरा लेख त्याच ‘वीकली’तला, पण अलीकडचा होता. जेस्टोरवर विद्यापीठाचं नाव दिसत होतं, लेख नव्हता. इथे व्हीपीएनचा काही दोष नाही. जेस्टोर मुळात जुन्या अंकांसाठी उभं राहिलेलं आहे. अनेक पत्रिकांचे ताजे अंक तिथे काही वर्षं उलटल्यावरच येतात, आणि दरवर्षी ही सीमा एकेक वर्ष पुढे सरकते. ताज्या अंकांची वर्गणी ग्रंथालयाने ‘वीकली’च्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी भरली असेल तर लेख तिथे मिळतो. त्यासाठी ग्रंथालयाच्या सूचीत पत्रिकेचं नाव टाकून बघायचं. कुठल्या जागी कुठल्या वर्षापासूनचे अंक खुले आहेत, ते तिथे लिहिलेलं असतं. ई-पुस्तकांत वेगळाच प्रकार आढळतो. ग्रंथालयाने एका वेळी एकाच वाचकाचा परवाना घेतलेला असतो, आणि दुसरं कुणी ते पुस्तक वाचत असेल तर आपल्याला थांबावं लागतं.

फुल टनेलची किंमतही मोजावी लागते. कोल्हापूरहून निघालेली प्रत्येक मागणी आधी अमेरिकेत, मग जिथे जायचं तिथे, आणि त्याच वाटेने परत. लेख वाचताना ते फारसं जाणवत नाही, पण व्हिडिओ कॉल अडखळतो. घरचा वाय-फाय प्रिंटर सापडेनासा होतो. बँकेला वाटतं की तुम्ही परदेशातून लॉगिन करता आहात. भारताबाहेरच्या पत्त्यांना न उघडणारी काही सरकारी संकेतस्थळं उघडत नाहीत. आणि त्या वेळात तुम्ही इंटरनेटवर जे काही कराल, ते विद्यापीठाच्या नावाने होतं. म्हणून लेख उतरवून घेतले की जोडणी तोडावी.

फक्त लेखच वाचायचे असतील तर बऱ्याच ग्रंथालयांत प्रॉक्सीची सोय असते. सर्वांत जास्त चालणारी यंत्रणा म्हणजे ईझीप्रॉक्सी. क्रिस झागर यांनी ती १९९९मध्ये तयार केली, २००८मध्ये ती ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने घेतली. यात काही बसवावं लागत नाही. ग्रंथालयाच्या पानावरून पत्रिकेच्या दुव्यावर क्लिक केलं की आधी लॉगिन येतं आणि मग पत्रिका उघडते, पण ब्राउझरच्या पट्टीत जेस्टोरचा पत्ता `www-jstor-org` असा होऊन त्यामागे विद्यापीठाचं नाव लागलेलं दिसतं. ते नाव तिथे आहे तोवर तुम्ही विद्यापीठाच्या वाटेवर आहात. मधेच नव्या टॅबमध्ये गूगलवरून लेख शोधून उघडलात तर ते नाव जातं आणि लेख बंद होतो. एखादा लेख वाचायला मी प्रॉक्सीच सुचवेन. दिवसभर वेगवेगळ्या ठिकाणी फिरायचं असेल, किंवा झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरने संदर्भांबरोबर लेखही आपोआप खेचून घ्यावेत असं वाटत असेल, तर व्हीपीएन बरा, कारण तो फक्त ब्राउझरची नव्हे, सगळ्या संगणकाची वाट बदलतो.

आता भारतातल्या विद्यापीठांविषयी. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तीस प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि संशोधन संस्थांना खुल्या करण्यासाठी तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे. घरून वाचण्यासाठी तिथे पत्त्याऐवजी ओळखीवर चालणारी पद्धत आहे, तिचं नाव इन्फेड. प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत प्रवेशाचा पर्याय निवडायचा, यादीतून आपली संस्था शोधायची, संस्थेने दिलेल्या आयडीने लॉगिन करायचं. इथे प्रकाशक ‘हा कुठून आला’ असं न विचारता ‘याची हमी कोण देतो’ असं विचारतो, त्यामुळे व्हीपीएन लागत नाही. अडचण एवढीच की आयडी संस्थेने काढून द्यावा लागतो, आणि अनेक विद्यार्थ्यांना आपल्याला तो मिळू शकतो हेच ठाऊक नसतं. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटून विचारावं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. व्हीपीएनवर शेकडो माणसं मोजक्या पत्त्यांआडून प्रकाशकाकडे जात असतात. एकाने एखादं साधन लावून पत्रिकेचे सगळे अंक भराभर उतरवायला सुरुवात केली तर प्रकाशकाला तो माणूस दिसत नाही, पत्ता दिसतो, आणि तो पत्ता बंद होतो. २०१०च्या सप्टेंबरमध्ये ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने एमआयटीच्या जाळ्यातून जेस्टोरचे लेख प्रचंड प्रमाणात उतरवायला सुरुवात केली, तेव्हा ऑक्टोबरमध्ये जेस्टोरने काही दिवस सगळ्या एमआयटीचाच प्रवेश थांबवला होता. आवारात त्या दिवशी एखादाच लेख हवा असलेल्या विद्यार्थ्यालाही तो मिळाला नाही. आपला आयडी मित्राला देण्याचा परिणामही असाच होऊ शकतो, कारण तो मित्र काय करतो आहे ते आपल्याला कळत नाही.

पदवी संपली की आयडीही जातो. मग काही विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांना मोजका संग्रह खुला ठेवतात. आणि कुठल्याच विद्यापीठात नसलेल्या वाचकाला जेस्टोरवर मोफत खातं काढून महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात, उतरवता मात्र येत नाहीत. कोल्हापुरातल्या माझ्यासारख्या माणसाला ‘वीकली’चे जुने अंक चाळायला तेवढं पुरतं.

भाचीच्या यादीतला एक लेख शेवटी तिच्या विद्यापीठाकडे नव्हताच. तिने ग्रंथालयाच्या पानावर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरला. लेखक, पत्रिका, वर्ष, पानं, एवढंच त्यात लागतं. दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाने त्या पानांची प्रत काढून पाठवायची, आपल्या ग्रंथालयाने ती विद्यार्थ्याच्या खात्यात ठेवायची, अशी ही जुनी रीत आहे. तो लेख आला तेव्हा ती शिरोळला मुलाखत घेत होती. फोनवरच त्याची पीडीएफ उघडली, त्यासाठी व्हीपीएन लावावा लागला नाही.